विवरणपत्राचा उशीर : विलंबशुल्क आणि व्याज

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी देशात सुरू झाला. तेव्हापासून नाचणगाव-पुलगावच्या बाजारपेठेत, ठेकेदारांच्या कचेऱ्यांत आणि मजुरांच्या सहकारी संस्थांतही दर महिन्याची २० तारीख धास्तीची होऊन बसली आहे. उशीर झाला की ‘दंड बसला’ असे सारे म्हणतात. पण तो किती बसला, कशावर बसला, हे विचारले तर बहुतेकांचे बोट हिशेबनिसाकडे वळते. कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हांला या हिशेबात लक्ष घालावे लागले, ते यासाठी की हा ‘दंड’ पुढे करून मजुरांच्या पगाराला कात्री लावली जाते, आणि मजुरांच्या स्वतःच्या संस्थांनाही तो निमूटपणे सोसावा लागतो. हिशेब मात्र पाचवीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे.

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. उशीर झाला की दोन स्वतंत्र रकमा चालू होतात. एक विलंबशुल्क, दुसरे व्याज. विलंबशुल्क हे कागद उशिरा दिल्याबद्दल असते. कर किती होता, याच्याशी त्याचा रोजचा दर बांधलेला नाही. व्याज हे सरकारचा पैसा आपल्याकडे राहिल्याबद्दल असते; पैसा राहिला नसेल तर व्याजही नाही. या दोहोंची गल्लत झाली की सगळा हिशेब बिघडतो.

आता मजूर पुरविणारी एक सहकारी संस्था कल्पू या. मागील वर्षाची तिची उलाढाल दीड कोटीच्या आत आहे आणि ती दरमहा GSTR-3B हे विवरणपत्र भरते. जानेवारी २०२५ मध्ये तिने एका कारखान्याला ४,००,००० रुपयांचे बिल दिले. १८ टक्क्यांनी कर ७२,००० रुपये झाला. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. अवजारे व सुरक्षेचे साहित्य घेताना तिने १२,००० रुपये कर आधीच दिला होता, त्याची वजावट मिळाली. म्हणजे रोखीने भरावयाचे ६०,००० रुपये राहिले. मुदत २० फेब्रुवारी. पण कारखान्याने बिलाचे पैसे थकवले. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत म्हणून कराची तारीख पुढे सरकत नाही, आणि पूर्ण कर भरल्यावाचून पोर्टल विवरणपत्र स्वीकारत नाही. पैसे आले तेव्हा १७ मार्चला विवरणपत्र गेले.

दिवस मोजताना मुदतीचा दिवस धरू नये, दुसऱ्या दिवसापासून मोजावे. २१ ते २८ फेब्रुवारीचे ८ आणि मार्चचे १७, असे २५ दिवस झाले.

विलंबशुल्क दररोज ५० रुपये आहे, २५ केंद्राचे व २५ राज्याचे. पंचवीस दिवसांचे १,२५० रुपये. याला वरची मर्यादा आहे. दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल तर एका विवरणपत्रामागे २,००० रुपये, दीड ते पाच कोटींपर्यंत ५,००० आणि त्यापुढे १०,०००. म्हणजे आपल्या संस्थेचे शुल्क चाळिसाव्या दिवशी थांबते. व्याज मात्र थांबत नाही.

व्याजाचा दर सालीना १८ टक्के. रीत अशी :

```
व्याज = रोखीने भरावयाचा कर × १८/१०० × उशिराचे दिवस/३६५
      = ६०,००० × १८/१०० × २५/३६५ = ७३९.७३
```

केंद्र व राज्य यांचे प्रत्येकी ३७० धरून ७४० रुपये. शुल्क मिळवून उशिराची किंमत १,९९० रुपये झाली.

येथे नेहमीची चूक होते ती अशी की व्याज ७२,००० वर धरले जाते आणि ८८८ रुपये भरले जातात. सुरुवातीच्या वर्षांत याच मुद्द्यावर व्यापारी आणि खाते यांच्यात मोठा वाद झाला. पुढे २०२१ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १ जुलै २०१७ पासूनच व्याज केवळ रोखीच्या भागावर, असे ठरले. वजावटीतूनच सारा कर भागत असेल तर व्याज शून्य. शुल्क मात्र चुकत नाही. या सवलतीला दोन अपवाद आहेत. खात्याने कारवाई सुरू केल्यानंतर विवरणपत्र दिले, किंवा जानेवारीचे विसरलेले बिल मार्चच्या विवरणपत्रात दाखवले, तर त्या कराच्या पूर्ण रकमेवर व्याज बसते. दुसऱ्या बाबतीत ते जानेवारीच्या मुदतीपासून आपणच मोजून भरावे लागते.

पैसे अपुरे असताना काय करावे? जुलै २०२४ च्या नियमबदलाने येथे एक वाट ठेवली आहे. २० फेब्रुवारीपूर्वी संस्थेजवळ ४०,००० रुपये असते आणि ते तिने चलनाने पोर्टलवरील रोख खात्यात, केंद्र व राज्याच्या सदराखाली निम्मे-निम्मे जमा करून विवरणपत्र देईपर्यंत तेथेच राखले असते, तर त्या रकमेवर व्याज लागले नसते. उरलेल्या २०,००० वरचे व्याज दोन्ही मिळून २४६ रुपये होते. शुल्क तेच १,२५० राहिले असते. पण हा भरणा मुदतीच्या आत हवा. ५ मार्चला चलन भरून १७ मार्चला विवरणपत्र दिले, तर त्या पैशावर १७ मार्चपर्यंत व्याज चढते. चलन म्हणजे विवरणपत्र नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक फसगत काम नसलेल्या महिन्याची. ‘या महिन्यात बिलच नाही, मग कागद कशाला?’ असे म्हणून विवरणपत्र राहून जाते. कर शून्य असला तरी शुल्क रोज २० रुपये चढते आणि पंचविसाव्या दिवशी ५०० रुपयांच्या मर्यादेला पोहोचते. मागचे विवरणपत्र दिल्याशिवाय पुढचे देता येत नाही, म्हणून एक रिकामा महिना पुढच्या भरल्या महिन्यांनाही अडवून धरतो आणि त्यांचे शुल्क व व्याज वेगळे चालू होते.

शुल्क व व्याज दोन्ही रोखीनेच द्यावी लागतात, वजावटीतून नाही. जानेवारीच्या उशिराचे शुल्क पोर्टल फेब्रुवारीच्या विवरणपत्रात मागते. तेथे १,२५० दिसले म्हणजे दुसऱ्यांदा आकारणी झाली, असे समजू नये. मागच्या विवरणपत्राचे दिवस मोजून ताडून पाहावे.

शेवटी मजूर बांधवांसाठी एक गोष्ट. पगारातून कोणती कपात करता येते, हे वेतनाच्या कायद्याने मोजून सांगितले आहे. मालकाच्या कराचे विलंबशुल्क त्यात बसत नाही. ठेकेदार म्हणाला की ‘दंड बसला म्हणून हजेरीमागे वीस रुपये कापले’, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. मुदत कोणती होती, विवरणपत्र कोणत्या दिवशी गेले, आणि रोखीने किती कर भरला? आमच्या संस्थेच्या उदाहरणात शंभर मजुरांच्या एका दिवसाच्या अशा कपातीचेच २,००० रुपये होतात, आणि उशिराचा सारा खर्च १,९९० होता. महिनाभर कपात चालली, तर उरलेले पैसे कोणाच्या खिशात गेले, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.