आधी बाळाची सीट, मग गाडी

समजा, घरात चार महिन्यांचं बाळ आहे, आई-बाबा आहेत आणि सोबत आजी. राहायला ठाण्यातली सोसायटी, गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये लागणार. असं कुटुंब गाडी घ्यायला निघालं की बोलणं मायलेज, सनरूफ आणि डिकी यांवर रंगतं. माझा सल्ला उलटा आहे. बाळाची सीट आधी विकत घ्यावी आणि ती काखोटीला मारून शोरूममध्ये जावं. सेल्समन जरा गोंधळेल, पण तपासणी खरी होईल.

एवढ्या लहान बाळाची सीट गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवायची असते. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कच्ची. समोरून धडक बसली तर उलट्या सीटमध्ये तो धक्का मानेवर न येता पाठभर पसरतो. युरोपच्या नव्या नियमानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत बाळ असंच बसवावं लागतं. अशी सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवायची नाही. म्हणजे जागा मागेच.

मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या खाचेत बोट घालून पाहा. तिथे पोलादी कड्यांची जोडी लागेल, एकमेकींपासून २८ सेंटिमीटरवर. हेच आयसोफिक्स. सीटचे दोन्ही दांडे त्यात खट्‌कन बसले आणि खूण हिरवी झाली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे सीटला पुढे कलंडू न देणारा तिसरा आधार. बाळाच्या उलट्या सीटच्या तळाला बहुधा जमिनीवर टेकणारा पाय असतो. इथेच एक गोष्ट नजरेतून सुटते: काही गाड्यांत मागच्या प्रवाशाच्या पायाखाली सामान ठेवायचा पोकळ कप्पा असतो. त्याच्या झाकणावर हा पाय टेकवून चालत नाही, ते झाकण धडकेचा भार पेलेलच असं नाही. म्हणून पायपुसणं उचलून खाली टकटक करून बघा आणि गाडीच्या माहितीपुस्तकात याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. सगळं बसवून झाल्यावर सीट जिथे अडकली आहे तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर ती नीट बसलेली नाही.

कडी नेमकी कुठे आहेत यावर आजीची सोय ठरते. ती मधल्या जागेकडे सरकलेली असली तर बाळाची सीट मधल्या पट्ट्याचं बक्कल झाकून टाकते. मग आई बाळाशेजारी बसते, पण पट्टा लावू शकत नाही. शोरूममध्ये बाळाची सीट, आई आणि आजी तिघींची मांडणी प्रत्यक्ष करून, तिघींचे पट्टे लावून पाहावेत. ब्रोशरमधलं ‘पाच जणांसाठी’ इथे बरेचदा उघडं पडतं.

उलटी सीट लांबीलाही जागा खाते. आपल्याकडे ती डावीकडे, म्हणजे पुढच्या प्रवाशामागे लावणं बरं, कारण बाळाला फुटपाथच्या बाजूने उतरवता येतं. मात्र पुढची सीट त्यामुळे पुढे सरकवावी लागते. सीट लावल्यावर उंच माणसाला पुढे बसवा. गुडघे डॅशबोर्डला टेकत असतील, तर ब्रोशरमधली मागच्या जागेची फुशारकी तुमच्या कामाची नाही. जागा मिळावी म्हणून बाळाची सीट जास्त उभी करण्याचा मोह होतो. तो टाळा, हनुवटी छातीवर पडली तर बाळाचा श्वास कोंडतो.

आता दारं. पुष्कळ गाड्यांचं मागचं दार ७० अंशांच्या आसपास उघडतं. टाटाच्या अल्ट्रोझ आणि पंचची दारं ९० अंशांत उघडतात, अशी कंपनीची जाहिरात आहे. रस्त्याकडेला किंवा मोकळ्या अंगणात त्याचा खूप फायदा होतो, वाकून बाळाला तिरकं आत सरकवावं लागत नाही. पण आपल्या ठाण्याच्या पार्किंगचा हिशेब करू. जागेची रुंदी अडीच मीटर, गाडी पावणेदोन मीटर. शेजारची गाडीही तितकीच असली आणि दोन्ही मध्यभागी लावल्या, तर मधे जेमतेम ७५ सेंटिमीटर उरतात. एक मीटर लांबीचं दार तिथे ४५ अंशांच्या थोडं पुढे जाऊन थांबतं. जाहिरातीतले ९० अंश तिथे वापरायलाच मिळत नाहीत. अशा घरासाठी जास्त महत्त्वाचं म्हणजे दार मधल्या टप्प्यावर आपोआप अडून राहतं का, की हात सुटताच शेजारच्या गाडीवर आपटतं. आणि दाराच्या चौकटीची उंची किती. मागे उतरत्या छताच्या गाडीत बाळाला उचलून आत ठेवताना आईचं डोकं चौकटीला लागतं. बैठक आईच्या कमरेएवढी उंच असलेली गाडी पाठीला सोपी पडते, मात्र आजीला चढायला ती जड जाते. या घरात मी मधल्या उंचीची गाडी निवडेन आणि बाळाला पार्किंगमध्ये शिरण्याआधी, इमारतीच्या दारातच उतरवून घेईन.