छोट्या नाट्यगृहाचा ‘प्लॅन’ संगणकात मांडताना

मराठी नाटकाच्या तिकीट खिडकीवर अनेक वर्षं एक साधी, पक्की पद्धत होती. प्रत्येक प्रयोगासाठी छापील ‘प्लॅन’चा कोरा कागद काढायचा. त्यावर नाट्यगृहातल्या सगळ्या रांगा आणि खुर्च्या छापलेल्या असत. तिकीट विकलं की बुकिंग क्लार्क त्या चौकोनावर खूण करी. छपाई दर प्रयोगाला तीच राहायची, खुणा मात्र प्रत्येक प्रयोगाच्या वेगळ्या असायच्या. खुर्ची कायमची असते आणि तिची विक्री एका प्रयोगापुरती, ही गोष्ट त्या कागदाने आपसूक सांभाळली होती.

तोच प्लॅन संगणकात घेताना हा फरक सहज हरवतो. अनेक जण एकच तक्ता करतात आणि खुर्चीचं नाव, तिचा दर आणि ती विकली की नाही हे सगळं एकाच ओळीत भरतात. पहिला प्रयोग पार पडतो. दुसऱ्या प्रयोगाला दर बदलले की जुन्या हिशेबातले आकडेही बदलून बसतात. म्हणून माहितीचे तीन थर वेगळे ठेवायचे. खुर्ची कुठे आहे, हा पहिला. या प्रयोगात ती कोणत्या दराची, हा दुसरा. आणि या क्षणी तिची अवस्था काय, हा तिसरा.

उदाहरण म्हणून १३६ खुर्च्यांचं एक काल्पनिक नाट्यगृह घेऊ. रांगा दहा: A ते H, मग J आणि K. I हे अक्षर १ सारखं दिसतं, म्हणून अनेक नाट्यगृहांत ते गाळतात. पुढच्या A आणि B रांगांत प्रत्येकी १२ खुर्च्या, उरलेल्या आठ रांगांत प्रत्येकी १४. मधोमध चालायची वाट.

इथेच पहिली गोम आहे. वाट A रांगेत ६ आणि ७ च्या मध्ये येते, C रांगेत मात्र ७ आणि ८ च्या मध्ये. म्हणजे A7 वाटेच्या उजवीकडे आहे आणि C7 डावीकडे. क्रमांकावरून जागा ओळखायचा नियम केला, तर चार जणांच्या कुटुंबाला A5 ते A8 ‘सलग’ म्हणून मिळतील आणि दोघं वाटेच्या अलीकडे, दोघं पलीकडे बसतील. फ्रान्समधल्या अनेक जुन्या नाट्यगृहांत तर एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम क्रमांक असतात. तिथे ५ च्या शेजारी ७ येतो. त्यामुळे खुर्चीचं नाव एका रकान्यात, नकाशावरची जागा दुसऱ्या आणि वाटेची बाजू तिसऱ्या रकान्यात लिहावी लागते:

```
{ "id": 67, "row": "F", "no": "1",
  "x": 0, "y": 5, "side": "left" }
```

यातला `id` प्रेक्षकाला कधी दिसत नाही. उद्या रंगकामानंतर खुर्च्यांना नवे क्रमांक लावले तरी तो बदलत नाही, आणि जुनी तिकिटं कोणत्या खुर्चीची होती ते कळत राहतं.

दुसरा प्रश्न बंद खुर्च्यांचा. त्यासाठी ‘बंद: हो किंवा नाही’ एवढाच रकाना ठेवण्याचा मोह होतो आणि गोंधळाचं मूळ तिथेच असतं. या नाट्यगृहात K6 ते K9 या चार जागांवर प्रकाशयोजनेचा कन्सोल आहे, त्यामुळे त्या कुठल्याच प्रयोगाला विकता येत नाहीत. G11 चं आसन मोडलं आहे, दुरुस्ती होईपर्यंत ती बंद. एखाद्या प्रयोगाला निर्माता D7 आणि D8 पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. पडद्यावर सातही खुर्च्या सारख्याच करड्या दिसतात. पाहुणे येणार नाहीत असं संध्याकाळी कळतं, खिडकीवरचा माणूस घाईत सगळ्या बंद जागा खुल्या करतो आणि G11 विकली जाते. प्रेक्षक तिकीट घेऊन मोडक्या खुर्चीपाशी पोचतो तेव्हाच चूक कळते.

उपाय असा की बंदीची स्वतंत्र नोंद करायची आणि तिच्यात कारण, कोणी बंद केली आणि कधीपर्यंत, हे लिहायचं. कन्सोलची बंदी नाट्यगृहाची, दुरुस्तीची तारखेपुरती, पाहुण्यांची त्या प्रयोगापुरती. मग खिडकीवरच्या माणसाला फक्त पाहुण्यांची बंदी उठवायचा अधिकार देता येतो. C रांगेच्या टोकाला व्हीलचेअरसाठी काढता येणाऱ्या खुर्च्या असतील, तर त्यांना बंद म्हणू नये. त्या विक्रीच्याच जागा आहेत, फक्त प्रकार वेगळा.

दुसरा थर दराचा. दर खुर्चीवर लिहायचा नाही. खुर्चीला श्रेणी द्यायची आणि श्रेणीला त्या प्रयोगाचा दर. A ते D पहिली श्रेणी, ४०० रुपये. E ते H दुसरी, ३०० रुपये. J आणि K तिसरी, २०० रुपये. बालनाट्याला हेच दर अर्ध्यावर आणायचे असतील तर तीनच आकडे बदलतात. श्रेणी रांगेला न लावता खुर्चीला लावायची, कारण F1 समोर खांब येतो. ती दुसऱ्या श्रेणीच्या रांगेत असली तरी तिसऱ्या श्रेणीत टाकणं रास्त.

आता ताळा करू. कन्सोलच्या चार आणि मोडकी एक वजा जाता १३१ जागा उरतात. पहिल्या श्रेणीत ५२, दुसरीत ५४, तिसरीत खांबामागची धरून २५. पाहुण्यांच्या जागाही विकल्या गेल्या तर हाउसफुल्लची रक्कम २०,८०० अधिक १६,२०० अधिक ५,०००, म्हणजे ४२,००० रुपये. संगणकाने वेगळा आकडा दाखवला, तर विक्री सुरू होण्याआधीच मांडणीत चूक आहे हे कळतं. तिकीट विकताना मात्र त्या क्षणीचा दर तिकिटाच्या नोंदीत उतरवून ठेवायचा. नंतर श्रेणीचा दर बदलला तरी विकलेल्या तिकिटाची रक्कम हलता कामा नये.

उरतो तो एकच खुर्ची दोघांना जाण्याचा धोका. फोनवर कोणी D5 निवडली की पैसे भरेपर्यंत ती दहा मिनिटं धरून ठेवतात. मुदत संपली की ती आपोआप सुटली पाहिजे, नाहीतर अर्धवट सोडलेल्या व्यवहारांनी प्लॅन भरलेला दिसतो आणि प्रयोगाला खुर्च्या रिकाम्या राहतात. पैसे अकराव्या मिनिटाला आले आणि खुर्ची तोवर दुसऱ्याने घेतली असेल, तर रक्कम परत करावी लागते. शेवटची कडी मात्र डेटाबेसमध्येच हवी. धरलेल्या आणि विकलेल्या जागांच्या तक्त्यात ही अट घातली की एका प्रयोगाला एका खुर्चीची दुसरी नोंद होऊच शकत नाही:

```
UNIQUE (show_id, seat_id)
```

सगळ्याच रंगमंचांना एवढा खटाटोप लागत नाही. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये तिकिटावर खुर्चीचा क्रमांक न देता आधी येईल त्याने आधी बसायची रीत आहे. तिथे एकूण जागा मोजल्या की पुरतं. पण क्रमांक छापायचा असेल, तर तक्ता संगणकात भरल्यावर त्याची छापील प्रत घेऊन नाट्यगृहात जावं, प्रत्येक रांगेत फिरून खुर्चीवरचा बिल्ला आणि कागदावरचं नाव ताडून पाहावं, आणि मगच प्लॅन उघडावा.