लीख की कोंडा?

शाळेतून चिठ्ठी आली की आई लेकीची वेणी सोडते आणि पांढरे ठिपके बघून हबकते. कानामागचा एक केस मोबाइलवर मोठा करून बघा. कोंड्याची खपली चपटी, वेडीवाकडी. केस झटकला की बहुतेकदा गळते. लीख जेमतेम 1 मिलिमीटरची, तिळासारखी लांबट, केसाच्या एकाच बाजूला तिरकी चिकटलेली. ऊ तिला डिंकासारख्या स्रावाने पक्कं बसवते, म्हणून बोटांनी ओढली तरी हलत नाही.

मग अंतर बघा. त्वचेपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आतली तपकिरी लीख बहुधा जिवंत. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 2 सेंटिमीटरवरची पांढरी लीख हे दोन महिन्यांपूर्वीचं रिकामं टरफल. तेवढ्यावरून औषध चोपडायची घाई नको. ओल्या केसांतून बारीक फणी फिरवा, चालती ऊ सापडते का बघा.