कौरव आणि गौरव

‘कुरु’चा कौरव होतो आणि ‘गुरु’चा गौरव. दोन्ही शब्द एकाच साच्यातून निघालेले, पण एक आहे माणूस आणि दुसरा आहे गुण. रघूचा वंशज तो राघव, आणि लघुपणा म्हणजे लाघव. पांडूचा मुलगा पांडव, मृदूपणा मात्र मार्दव.

नामाला प्रत्यय लावून नवे नाम घडवण्याच्या या पद्धतीला संस्कृत व्याकरणात ‘तद्धित’ म्हणतात. पाणिनीने अष्टाध्यायीचा चौथा आणि पाचवा अध्याय मुख्यतः याच कामाला दिला आहे. ‘अमक्याचे अपत्य’ हा अर्थ चौथ्यात येतो, ‘अमकेपणा’ म्हणजे भाव हा पाचव्यात. वरच्या सगळ्या शब्दांना लागलेला प्रत्यय मात्र एकच, ‘अण्’. त्यातला ण् उच्चारात येत नाही. शब्दाच्या पहिल्या स्वराची वृद्धी करा, एवढे सांगण्यापुरताच तो आहे. म्हणून कुरुमधल्या पहिल्या उ-चा औ झाला. शेवटच्या उ-चा गुण होऊन ओ झाला आणि पुढच्या अ-शी त्याचा संधी होऊन ‘अव’ झाले. कौरव तयार. गुरुचेही तसेच.

मग वाचताना ओळखायचे कसे? पहिली खूण लिंगाची. राघवः पुल्लिंगी, लाघवम् नपुंसकलिंगी. दुसरी खूण मूळ शब्दाची: कुरु, रघु, पांडु ही विशेषनामे आहेत, गुरु, लघु, मृदु ही इथे विशेषणे आहेत. मराठीत आपण ‘तो गौरव’ म्हणतो, त्यामुळे पहिली खूण मराठी कानाला चटकन जाणवत नाही. मूळ श्लोकातली विभक्तीच पाहावी लागते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला तिसरा श्लोक या दृष्टीने उघडून पाहण्यासारखा आहे. अर्जुन धनुष्य टाकून बसला आहे आणि कृष्ण त्याला फटकारतो आहे. त्या दोन ओळींत क्लैब्य, पार्थ आणि हृदयदौर्बल्य असे तीन तद्धित शब्द आहेत. क्लीबपणा ते क्लैब्य, दुर्बळपणा ते दौर्बल्य. दोन्हींना भाववाचक ‘ष्यञ्’ लागला आहे आणि त्यातला फक्त ‘य’ उरला आहे. पार्थ म्हणजे पृथेचा मुलगा. पृथा हे कुंतीचे मूळ नाव. दोष भाववाचक नामांनी सांगितले आहेत आणि ज्याला सांगायचे त्याला आईच्या नावाने हाक मारली आहे. वृत्ताच्या सोयीसाठीही असे संबोधन निवडले जाते, त्यामुळे प्रत्येक हाकेत गूढ अर्थ शोधू नये; पण इथे ती हाक लागते खरी.

सगळे भावप्रत्यय स्वर बदलत नाहीत. ‘त्व’ आणि ‘ता’ मूळ शब्दाला हात न लावता शेवटी जोडले जातात. तेराव्या अध्यायातल्या ज्ञानाच्या लक्षणांत हे दोन्ही प्रकार शेजारी बसले आहेत. अमानित्व, अदंभित्व हे सरळ ‘त्व’चे शब्द, तिथेच ऋजूपासून आलेले आर्जव, शुचीपासून शौच आणि स्थिरापासून स्थैर्य. ज्ञानेश्वरांनी याच शब्दांवर विस्ताराने निरूपण केले आहे. ‘त्व’ काढला की मूळ शब्द समोर येतो. आर्जवाचे तसे नाही. तिथे आर् मागे नेऊन ऋ करता आला पाहिजे, नाहीतर कोशात शब्द कुठे शोधायचा हेच कळत नाही. औ तर आणखी फसवा. कौंतेयमधला औ कुंतीच्या उ-चा आहे, तर द्रौणि म्हणजे अश्वत्थामा, त्याच्या नावातला औ द्रोणाच्या ओ-चा.

अर्थही दर वेळी अपत्याचाच असतो असे नाही. ‘अमक्याचे’ एवढ्या साध्या संबंधासाठीही अण् लागतो. मनूचे वंशज ते मानव खरे, पण मनुस्मृतीला ‘मानव धर्मशास्त्र’ म्हणतात तेव्हा तो माणसांचा धर्म नसून मनूच्या नावाचा ग्रंथ असतो.

आणि अपत्यनाम लागले म्हणजे जन्म सिद्ध झाला असेही समजू नये. कर्ण राधेय आहे, कारण राधेने त्याला वाढवले. जन्माने तो कौंतेयच. उलट बाजूने पाहिले तर एकच नाव अनेकांना चालते. पांडवही कुरूचेच वंशज, म्हणजे शब्दार्थाने कौरवच. ‘भारत’ या संबोधनाने वाचक सगळ्यात जास्त गोंधळतो. दुसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात कृष्ण अर्जुनाला भारत म्हणतो. त्याच अध्यायाच्या दहाव्या श्लोकातला भारत मात्र धृतराष्ट्र आहे, कारण तिथे संजय बोलतो आहे. त्यामुळे अशा नावाशी आले की आधी बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण ते पाहावे, कोश त्यानंतर उघडावा.