फिशरची दोन वाईट प्यादी

२० जुलै १९७२. रेक्याविकमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीचा पाचवा डाव. पांढरी मोहरी बोरिस स्पास्कीकडे, लढतीत एका गुणाची आघाडीही त्याच्याकडेच. सहाव्या खेळीला बॉबी फिशरने आपला उंट देऊन सी३वरचा घोडा मारला. स्पास्कीने बी फाईलच्या प्याद्याने तो उंट उचलला. त्यामुळे त्याची दोन प्यादी सी फाईलवर एकामागे एक उभी राहिली आणि कडेचं ए प्यादं शेजाऱ्याविना एकटं पडलं.

फिशरची चाल इथवर समजण्यासारखी होती. पण अकराव्या खेळीला त्याने आपला घोडा जी६वर आणून ठेवला, जिथे स्पास्कीचा घोडा तो सरळ मारू शकत होता. स्पास्कीने मारला. फिशरने एफ प्याद्याने परत मारलं आणि आता त्याचीही दोन प्यादी जी फाईलवर एकामागे एक आली. पुढच्याच खेळीत ई५वरच्या मारामारीनंतर तिथलं त्याचं प्यादंही एकटं पडलं. मोजायला बसलं तर हिशेब सारखाच: दोघांकडे एकेक दुहेरी जोडी आणि एकेक एकाकी प्यादं. वर स्पास्कीकडे डी५वर भक्कम राखलेलं, वाटेत प्यादं नसलेलं पास्ड पॉन. नवखा खेळाडू इथे पांढऱ्याची बाजू घेईल.

एकाकी प्याद्याची अडचण अशी की त्याला राखायला शेजारचं प्यादं नसतं. मग हत्ती, उंट, वजीर यांना पहारा द्यावा लागतो आणि तेवढे ते हल्ल्याला उरत नाहीत. दुहेरी जोडीत मागचं प्यादं पुढच्याला राखू शकत नाही, आणि पुढचं अडलं की मागचंही अडतं. पण ही अडचण खरी ठरते ती प्रतिस्पर्धी त्या प्याद्यापर्यंत पोहोचू शकला तरच.

१९८१ साली मेरानोमधल्या नवव्या डावात कार्पोव्ह असाच पोहोचला होता. कोर्चनॉयचं एकाकी प्यादं डी४वर होतं आणि काळ्याचं डी प्यादं पटावर नसल्याने कार्पोव्हच्या हत्तींना त्याच्यावर थेट नेम धरता येत होता. कार्पोव्हने घाई केली नाही. त्याने आधी घोडे आणि उंट बदलून टाकले, कारण एकाकी प्यादेवाल्याला मिळणारी मोकळी जागा हल्ल्यासाठी वापरतात ती हीच मोहरी. सत्ताविसाव्या खेळीनंतर दोघांकडे फक्त वजीर आणि हत्ती उरले. मग डी फाईलवर हत्ती, वजीर, हत्ती अशी रांग लावून त्याने ई प्यादं पुढे ढकललं. डी४वरच्या प्याद्याने ते मारावं, तर मागचा हत्ती उघडा पडत होता.

फिशरच्या ई५ प्याद्याला हा धोका नव्हता. त्याच्या पुढ्यात ई४वर स्पास्कीचंच प्यादं ठाण मांडून होतं, त्यामुळे फाईल बंद आणि पांढरे हत्ती आंधळे. दुहेरी जी प्याद्यांपैकी पुढचं जी५वर सरकू शकत होतं, आणि एफ प्यादं निघून गेल्याने काळ्या हत्तीला फाईल मोकळी झाली होती. ई५ आणि जी५ ही दोन ‘वाईट’ प्यादी मिळून एफ४ हे घर राखतात, हे पट मांडून पाहिलं की लगेच कळतं. तिथे घोडा बसवायचा, हा फिशरचा बेत.

स्पास्कीची सी प्यादी मात्र कुठेच जाऊ शकत नव्हती. काळ्याच्या सी५ प्याद्याने त्यांना कुलूप घातलं होतं. शिवाय सी४, डी५, ई४ ही तिन्ही घरं पांढरी, आणि पांढऱ्या घरांवरचा त्याचा उंट आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडलेला. सोळाव्या खेळीला त्याने ए४ केलं. पुढे ए५ करून बाजू उघडायची इच्छा असणार. फिशरने लगेच स्वतःच ए५ खेळून ते एकटं प्यादं तिथेच गोठवलं. ए४ हेही पांढरंच घर, आणि डी७वर आलेल्या काळ्या उंटाचा डोळा त्यावर. स्पास्कीचा हत्ती बी फाईलवर गेला आणि काही न साधता एफ फाईलकडे परतला. उंट सी२वर पहारेकरी झाला: एकीकडे ए४, दुसरीकडे ई४.

मग फिशरने वजीर जी६वर नेऊन ई४वर रोखला, घोडा एच५वर ठेवला आणि दोन्ही हत्तींची अदलाबदल झाली. स्पास्कीने उंट डी१वर नेऊन घोड्यावर हल्ला केला, तेव्हा घोडा एफ४वर येऊन त्याच्या वजिरावरच उलटला. वजीर सी२वर सरकला आणि आता ए४ व ई४ दोन्हींची राखण त्या एकट्यावर आली. सत्ताविसाव्या खेळीला फिशरच्या उंटाने ए४वरचं प्यादं मारलं. वजिराने उंट घेतला, तर काळा वजीर ई४वरचं प्यादं घेऊन जी२ आणि ई१ अशा दोन ठिकाणी मात देण्याची धमकी देतो. स्पास्कीने तिथेच डाव सोडला आणि गुण झाले अडीच-अडीच.