कोऱ्या पाटीवर नाव, तेही फोटोतच

दुकानाची पाटी रंगवण्याआधी ती कशी दिसेल हे मालकाला दाखवायचं असतं. पेंटर किंवा डिझायनर दुकानाचा फोटो काढतो, कॉम्प्युटरवर त्या कोऱ्या पाटीवर नाव टाकतो आणि मालकाला पाठवतो. फाँट चांगला असतो, अक्षरं पाटीच्या कोनात नीट वळवलेली असतात, तरीही पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं की अक्षरं वरून डकवली आहेत. कारण विचारलं तर त्याला ते सांगता येत नाही, पण डोळा फसलेला नसतो.

कारण बहुतेक वेळा अक्षरांच्या आकारात नसतं. पाटीचा पत्रा, भिंत, समोरची स्कूटर हे सगळं एका प्रवासातून फोटोत आलेलं असतं. आधी वस्तूवर प्रकाश पडला, मग तो लेन्समधून गेला, मग सेन्सरवर उमटला आणि शेवटी त्याची दाबून लहान केलेली फाइल झाली. नवी अक्षरं यातल्या एकाही टप्प्यातून गेलेली नसतात. ती थेट शेवटी येऊन बसतात. तेव्हा त्यांनाही त्याच रस्त्याने आणि त्याच क्रमाने आणायचं: आधी प्रकाश, मग धूसरपणा, मग दाणा. हा क्रम उलटला की काम बिघडतं. दाणा सेन्सरवर तयार होतो, म्हणजे लेन्सच्या नंतर. आधी दाणा टाकून मग ब्लर केलं तर दाणाच पुसला जातो आणि अक्षरं प्लॅस्टिकची दिसू लागतात.

एक उदाहरण घेऊ. संध्याकाळची वेळ आहे, मोबाइलवर रस्त्यापलीकडून काढलेला फोटो आहे. दुकानावर क्रीम रंगाची पत्र्याची पाटी आहे, अजून कोरी. डावीकडे वर ट्यूबलाइट आहे, त्यामुळे पाटीचा डावा भाग उजळ आणि उजवा मंद आहे. पाटीवर मरून रंगात ‘वह्या, पुस्तके, स्टेशनरी’ लिहायचं आहे.

कोनाबद्दल एवढंच, की देवनागरीत शिरोरेषा ही मदतही असते आणि चुगलखोरही. पाटीची वरची आणि खालची कड दूर जाताना जिथे मिळतील असं वाटतं, त्याच बिंदूकडे शिरोरेषाही गेली पाहिजे. रोमन लिपीत थोडी चूक खपून जाते. आपल्याकडे तीन शब्दांवरून जाणारी सरळ रेघ तिरकी झाली की ती लगेच दिसते.

आता प्रकाश. फोटोशॉपमध्ये अक्षरांचा लेयर Multiply वर ठेवला की खालच्या पाटीचा उजेड-अंधार अक्षरांतून आपोआप उतरतो. क्रीम पाटीची उजळता ० ते २५५ या मापात डावीकडे २१५ आणि उजवीकडे १५० असेल, तर अक्षरंही उजवीकडे त्याच प्रमाणात गडद होतात. पत्र्याचा पोचा, छज्जाची सावली, पावसाचा ओघळ हेही अक्षरांवर येतं. बरेच जण इथेच थांबतात.

पण गणित करून पाहू. मरून रंगात लाल १२०, हिरवा २० आणि निळा ३० धरला. उजव्या टोकाला पाटी १५० आहे, म्हणजे तिथे हिरव्याची किंमत १५० गुणिले २० भागिले २५५, सुमारे १२. आता फोटोतली सगळ्यात काळी जागा तपासली, अर्धवट उघड्या शटरमागचा अंधार, तर तिथेही हिरवा २८ च्या खाली जात नाही. म्हणजे आपली अक्षरं या फोटोतल्या अंधारापेक्षाही काळी झाली. फोटोत शुद्ध काळं क्वचितच असतं. हवेतली धूळ आणि लेन्सच्या आत इकडेतिकडे परावर्तित झालेला प्रकाश अंधारालाही थोडं उजळवतो. त्यात ऑइलपेंट चकचकीत असतो, आकाशाचा उजेड त्यावर पडून परत येतो. म्हणून रंग शेडकार्डवरून न घेता त्याच फोटोतून घ्यावा. त्याच उजेडात उभी असलेली एखादी मरून वस्तू, बादली, दाराची चौकट, काहीही शोधायचं आणि आयड्रॉपरने तिचा रंग उचलायचा. उचलताना एकच पिक्सेल न घेता ५ बाय ५ ची सरासरी घ्यावी, नाहीतर एखादा भरकटलेला दाणाच हातात येतो. असा रंग मळकट वाटतो. मालकही कधी कधी तक्रार करतो की रंग फिका आहे. पण संध्याकाळी तो फिकाच दिसणार असतो.

अक्षरं रंगवलेली असतील तर त्यांना सावली नको. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण हौसेने टाकलेली ‘ड्रॉप शॅडो’ ही अशा फोटोंतली सगळ्यात मोठी खूण असते. अॅक्रिलिकची उठावाची अक्षरं असतील तरच सावली द्यायची, आणि इथे ट्यूब डावीकडे वर आहे म्हणून ती उजवीकडे खाली पडेल.

दुसरा टप्पा धूसरपणाचा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. त्यात लेन्सचा स्वतःचा मऊपणा मिसळतो. म्हणून फोटोतली कितीही धारदार कड घेतली तरी ती एका पिक्सेलमध्ये काळ्याची पांढरी होत नाही. कॉम्प्युटरने काढलेलं अक्षर मात्र जवळजवळ तसंच करतं.

किती मऊ करायचं हे डोळ्याने ठरवण्यापेक्षा मोजावं. पाटीचीच कड घ्या, जिथे क्रीम पत्रा संपून मागची काळपट भिंत सुरू होते. फोटो ८०० टक्के मोठा करून बघितलं की उजेडातून अंधारात जायला किती पिक्सेल लागतात ते मोजता येतं. समजा चार लागले. Gaussian Blur मध्ये Radius १ दिला तर हे संक्रमण साधारण अडीच पिक्सेलचं होतं, म्हणजे चारसाठी दीडच्या आसपास लागेल. कड मात्र अक्षरांइतक्याच अंतरावरची हवी. समोरच्या स्कूटरची कड मोजून पाटीला लावली तर उपयोग नाही.

संध्याकाळी शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हात हलतो. फोटोत दूरचा एखादा छोटा दिवा शोधा. तो ठिपका न दिसता तिरकी छोटी रेघ दिसत असेल, तर हात कुठे आणि किती हलला हे त्या रेघेनेच सांगितलं. Motion Blur मध्ये तोच कोन आणि तीच लांबी द्यायची.

इथे आपल्या लिपीची एक अडचण येते. अक्षराची उंची ४० पिक्सेल असेल तर स्टेशनरीतल्या ‘स्टे’ची मात्रा किंवा स्वल्पविराम जेमतेम चार-पाच पिक्सेलचा भरतो. ब्लर केला की जाड दांडे गडद राहतात, पण हे बारीक भाग फिके पडतात. डिझायनरला वाटतं वाचता येणार नाही, म्हणून तो तेवढेच पुन्हा ठळक करतो. तसं करू नये. खऱ्या पाटीचा फोटो काढला असता तर तेही असेच फिके आले असते. वाचनीयता हवी असेल तर जवळून फोटो काढावा.

मोबाइलची आणखी एक खोड म्हणजे तो फोटो आतल्या आत धारदार करतो. त्यामुळे गडद कडेला लागून एक पुसट पांढरी रेघ उमटते. पाटीच्या कडेला अशी रेघ दिसत असेल तर ब्लरनंतर अक्षरांनाही हलकंसं शार्पनिंग द्यावं लागतं. आधी मऊ करून मग धारदार करणं वेडेपणाचं वाटेल, पण मोबाइलच्या आत नेमकं हेच झालेलं असतं.

मग दाणा. सेन्सरवर प्रकाशाचे कण अंगणातल्या फरश्यांवर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे येतात, शेजारच्या दोन फरश्यांवर सारखेच थेंब कधी पडत नाहीत. उजेड भरपूर असेल तर हा फरक नगण्य ठरतो, कमी उजेडात तो ठळक होतो. म्हणून संध्याकाळच्या फोटोत सावल्या जास्त खरखरीत दिसतात.

पाटीचा दाणा Multiply मुळे अक्षरांत आलाच असेल, असं वाटतं. येतो, पण विरून येतो. पाटीवरचा एक सपाट तुकडा निवडून Histogram मध्ये Std Dev पाहिलं आणि ते ४ निघालं असं धरू. आपला पहिला मरून रंग धरला तर हिरव्या चॅनेलमध्ये गुणकच २० भागिले २५५, म्हणजे ०.०८ आहे. चारचा दाणा तिथे ०.३ एवढाच उरतो. फोटोतून उचललेल्या रंगात तो जरा जास्त टिकेल, पण पुरेसा नाही. एकत्र चित्रात हे लक्षात येत नाही. Channels मध्ये जाऊन फक्त हिरवा चॅनेल पाहिला की आजूबाजूच्या रवाळ पत्र्यावर अक्षरं गुळगुळीत डांबरासारखी दिसतात. त्याच फोटोतल्या एखाद्या गडद सपाट पृष्ठभागाचं, उदाहरणार्थ लाकडी फळीचं, Std Dev पाहायचं आणि अक्षरांच्या आत तेवढं येईपर्यंत Add Noise ने दाणा भरायचा. मोबाइलचा दाणा पिठासारखा सुटा नसतो. आतल्या नॉइज रिडक्शनमुळे त्याचे छोटे डाग झालेले असतात. म्हणून टाकलेल्या दाण्याला स्वतंत्रपणे अर्ध्या पिक्सेलचा ब्लर द्यावा. इथे क्रम मोडलेला नाही, कारण हा ब्लर लेन्सचा नाही, सेन्सरनंतरच्या प्रक्रियेचा आहे.

काम झालं की सगळ्यांच्या वर एक Curves लेयर ठेवून तो मुद्दाम वेडावाकडा ओढावा. रंग भडक होतात आणि जे साध्या नजरेला जुळलेलं वाटत होतं ते उघडं पडतं. एखाद्या अक्षराभोवती चौकोन दिसतो, कुठे दाणा बारीक पडलेला असतो. दुरुस्ती करून हा लेयर काढून टाकायचा. फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवला की फाइल दाबली जाऊन निम्मे दोष लपतात, पण त्यावर विसंबून राहणं म्हणजे लबाडीच.

डोळ्याला पटलं म्हणजे तपासणीत टिकेल असंही नाही. प्रत्येक सेन्सरच्या पिक्सेलांची संवेदनशीलता किंचित कमीजास्त असते आणि तिचा एक पुसट पण कायमचा ठसा त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत उतरतो. न्यायवैद्यक तपासणीत हा ठसा कुठे हरवला आहे ते शोधता येतं. आपण भरलेल्या दाण्यात तो नसतो.

वरचं सगळं रंगवलेल्या पाटीचं झालं. आतून दिवे लावलेली पांढरी अक्षरं असतील तर हिशोब बदलतो. तिथे Multiply चालत नाही, कारण अक्षरं स्वतःच प्रकाश देतात. पांढऱ्या अक्षराला काळ्या पाटीवर साधा ब्लर दिला की ते बारीक होतं, खऱ्या फोटोत मात्र ते फुगतं. याचं कारण फोटोतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. अर्धा प्रकाश १२८ वर न येता १८८ च्या आसपास येतो. म्हणून अशा वेळी फाइल ३२ बिटमध्ये नेऊन तिथे ब्लर करायचा, मग परत आणायची. आणि अक्षरांचा थोडा उजेड खालच्या छज्जावर व दाराच्या चौकटीवरही टाकायचा, कारण दिवे लागल्यावर तो तिथे पडणारच आहे.