शंभराच्या स्विचला शंभर रुपये एक पैसा

विजेचा एक स्विच घ्या. डबीवर छापलंय: एमआरपी 100 रुपये, सर्व करांसहित. त्यावर जीएसटी 18 टक्के. दुकानदाराला बिलात मूळ किंमत आणि कर वेगळे दाखवायचे असतात, म्हणून तो शंभराला 1.18 ने भागतो. उत्तर येतं 84.7458 आणि पुढे न संपणारे आकडे. बिलात पैशापर्यंतच जागा असते, म्हणून लिहिलं जातं 84.75. आता यावर 9 टक्के केंद्राचा कर काढा: 7.6275, म्हणजे 7.63. राज्याचाही तेवढाच. बेरीज केली तर होते 100.01. कुठेही चूक न करता शंभराच्या वस्तूचं बिल एमआरपीपेक्षा एक पैसा जास्त झालं, आणि छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला तर कायद्याने मनाई आहे.

हा पैसा कुठून येतो, हे एकदा समजलं की बिलांची निम्मी भांडणं मिटतात. 118 म्हणजे दोन गुणिले 59. किंमत 59 च्या पटीत असेल तरच भागाकार सुटसुटीत होतो. 59 रुपयांच्या वस्तूचे नेमके 50 रुपये मूळ आणि साडेचार-साडेचार रुपये कर. 118 चे 100 अधिक 9 अधिक 9. पण दुकानात किमती ठरतात 100, 99, 250 अशा. त्यांचा भागाकार पैशावर थांबत नाही, कुठेतरी तोडावाच लागतो.

एका नगावर हा पैसा कुणाच्या डोळ्यांतही येत नाही. आता एखाद्या कंत्राटदाराने दोनशे स्विचची ऑर्डर दिली असं धरा. कर धरून दर शंभर, म्हणून त्याने वीस हजार रुपये पाठवले. दुकानातल्या संगणकात मात्र दर करापूर्वीचा भरलेला आहे, 84.75. दोनशे नगांचे झाले 16,950. त्यावर दोन्ही कर मिळून 3,051. एकूण 20,001. आणि संगणक एकेका नगावर कर काढून, तो पैशात बसवून मग दोनशेने गुणत असेल, तर कर होतो 3,052 आणि बिल 20,002. माल तोच, दर तोच, कराचा टक्काही तोच, आणि बेरजा तीन. या तिन्ही बेरजा पूर्ण रुपयांत असल्यामुळे बिलाच्या तळाशी असलेली ‘राउंड ऑफ’ची ओळही त्यांना सावरू शकत नाही. कंत्राटदाराच्या खात्यावर एक-दोन रुपये येणे दिसत राहतात.

तोडगा जीएसटीच्या नियमांतच आहे. नियम 35 सांगतो की किंमत करासहित असेल तर कर त्या किमतीतूनच काढायचा: किंमत गुणिले कराचा टक्का, भागिले शंभर अधिक एकूण टक्के. म्हणजे आधी कर काढायचा आणि मूळ किंमत वजाबाकीने मिळवायची. आपल्या ऑर्डरीत 20,000 गुणिले 9 भागिले 118, म्हणजे 1,525.42. असे दोन कर मिळून 3,050.84, आणि मूळ किंमत 16,949.16. बेरीज बरोबर वीस हजार, कारण वजाबाकीने काढलेली रक्कम परत मिळवली की आधीचीच रक्कम येणार. माझ्या मते करासहित दराने विकणाऱ्या प्रत्येकाने याच क्रमाने जावं आणि पैशात बसवणं ओळीच्या शेवटी एकदाच करावं.

तरी एक गाठ उरतेच. याच पद्धतीने एकच स्विच महाराष्ट्रात विकला, तर केंद्राचे 7.63 आणि राज्याचे 7.63, मिळून 15.26. तोच पणजीच्या गिऱ्हाइकाला पाठवला तर राज्याबाहेरच्या विक्रीवर एकच कर लागतो, तो येतो 15.25. विषम पैशाचे दोन सारखे भाग होत नाहीत, म्हणून राज्यातल्या बिलात तो पैसा कराकडे सरकतो आणि मूळ किंमत तेवढी कमी होते. हिशेब तपासणाऱ्याने अशा फरकाला चूक समजू नये.

मग खरी चूक ओळखायची कशी? पैशात बसवताना एका वेळी जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडेतिकडे होतो. दर दोन दशांशांवर तोडला असेल तर दोनशे नगांवर फार तर एक रुपया, आणि त्यावरचा कर धरून 1.18. एकेका नगावर कर काढला असेल तर दोन करांचे मिळून आणखी दोन रुपये धरा. यापेक्षा मोठा फरक दिसला तर त्याचं कारण दशांशांत नाही. समजा बिलात 200 रुपये सूट आहे आणि फरक आहे 36 रुपयांचा. 36 म्हणजे 200 चे 18 टक्के. एका बाजूने सूट कर लावण्याआधी वजा केली आहे आणि दुसऱ्या बाजूने कर लावल्यानंतर. अशा वेळी ‘राउंड ऑफ’मध्ये रक्कम ढकलू नका, ऑर्डरीत सूट कशावर ठरली होती ते काढून पाहा.